निऑनची नळी, टीव्हीचा पडदा आणि रेंडरमधले दाणे

संगणकावर उभारलेल्या खोलीत 12 मिलिमीटर जाडीची, 1 मीटर लांबीची निऑनची नळी लावून तिलाच दिवा मानले, तर रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने त्या खोलीच्या काढलेल्या चित्रात, समोरच्या भिंतीवर अनेकदा दाणे उमटतात. पाथ ट्रेसिंग या प्रकाश मोजण्याच्या पद्धतीत भिंतीच्या बिंदूंपासून किरण यादृच्छिक दिशांना सोडले जातात. 2 मीटर अंतरावरून नळीचे दिसणारे क्षेत्रफळ 0.012 चौरस मीटर असते, तर त्याच त्रिज्येच्या अर्धगोलाचे सुमारे 25 चौरस मीटर. म्हणजे साधारण 2000 किरणांमागे एकच नळीवर आदळतो. ज्या बिंदूला तो लाभतो तो लखलखतो आणि शेजारचा काळा राहतो. सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागचे किरण, चौपट केले तरी हे दाणे निम्मेच होतात.

ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमधील सायकल्स हे रेंडर इंजिन यावर उपाय म्हणून प्रत्येक बिंदूपासून एक किरण मुद्दाम दिव्याकडे पाठवते. तरीही दाणे उरले, तर पहिला संशय काचेवर घ्यावा. खऱ्या नळीसारखे दिसावे म्हणून आपण प्रकाशणाऱ्या गाभ्याभोवती काचेचे कवच बसवतो. पण काच किरणाला वळवते, म्हणून दिव्याकडे सरळ निघालेला किरण काचेपाशीच अडतो आणि सगळी भिस्त पुन्हा योगायोगावर येते. कवच लपवून एक छोटे रेंडर करून पाहावे. दाणे गेले, तर Light Path नोडमधील Is Shadow Ray वापरून काच केवळ त्या किरणांपुरती पारदर्शक करावी. परावर्तित होऊन येणाऱ्या प्रकाशाला कमाल मर्यादा घालणाऱ्या Clamp Indirect चा आकडा कमी करूनही ठिपके जातात, परंतु त्यासोबत खोलीतला खरा प्रकाशही कापला जातो, म्हणून तो उपाय शेवटी ठेवावा.

खोटी झळाळी बहुतेक वेळा अवाजवी तीव्रतेतून येते. 150 लक्स प्रकाशातील पांढऱ्या भिंतीची दीप्ती प्रति चौरस मीटर सुमारे 38 कँडेला भरते, तर 300 कँडेलाचा टीव्ही पूर्ण पांढरा असतानाही तिच्या आठपटच उजळ असतो. 55 इंची पडदा 3 मीटरवर तेव्हा फक्त 28 लक्स प्रकाश देतो आणि नेहमीच्या, बऱ्याच अंधाऱ्या चित्रात त्याहून पुष्कळ कमी. दिवे लागलेल्या दिवाणखान्यात टीव्हीने सोफा निळा केलेला दिसला, तर आकडा चुकला आहे असे खुशाल समजावे.

नळीभोवतीचे वलय मात्र हवेत नसते. ते भिंगात किंवा डोळ्यात प्रकाश विखुरल्याने दिसते. म्हणून ते रेंडरनंतर, उजळ पिक्सेलांच्या मूळ रेषीय मूल्यांवर आणि टोन मॅपिंगच्या, म्हणजे ती मूल्ये पडद्याच्या मर्यादेत बसवण्याच्या, आधी मिसळावे. छायाचित्रात निऑनचा गाभा पांढरट होतो आणि रंग भिंतीवर गडद उमटतो. गाभा आणि वलय दोन्ही सारखेच भडक लाल दिसत असतील, तर वलयाची मात्रा नव्हे, आधी नळीची तीव्रता आणि टोन मॅपिंग तपासावे.