टाइम ब्लॉकिंग (सल्लागाराच्या कामाचा आठवडा)

टाइम ब्लॉकिंग म्हणजे आठवडा सुरू होण्याआधीच कॅलेंडरमध्ये ठरावीक कामासाठी ठरावीक वेळ राखून ठेवणे आणि त्या वेळेत मीटिंग, फोन किंवा ईमेल येऊ न देणे. राखलेल्या अशा एका तुकड्याला ब्लॉक म्हणतात. कामांच्या यादीत काय करायचे ते असते, पण ते कधी करायचे हे ठरलेले नसते. ब्लॉकमध्ये दोन्ही ठरलेले असते. सल्लागाराला याची गरज जास्त भासते, कारण अहवाल, विश्लेषण आणि शिफारशी यांना सलग विचार लागतो, आणि दिवसाची वेळ मात्र एकाच वेळी तीन-चार क्लायंट मागत असतात.

मीटिंग किती वेळ चालते यापेक्षा ती दिवसात कुठे पडते याला महत्त्व आहे. सकाळी 9 ते 1 हा वेळ मोकळा आहे आणि 11 वाजता अर्ध्या तासाचा कॉल आला, तर कागदावर साडेतीन तास उरतात. प्रत्यक्षात दोन तासांचा एक आणि दीड तासाचा एक असे दोन तुकडे हाती येतात. पहिल्याचा शेवट कॉलच्या तयारीत जातो आणि दुसऱ्याची सुरुवात कॉलमधले बोलणे डोक्यातून जाईपर्यंत वाया जाते. तोच कॉल 12:30 ला ठेवला तर साडेतीन तास सलग मिळतात. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात बिघडते. म्हणून अनुभवी सल्लागार मीटिंगा कमी करण्याच्या मागे लागण्याआधी त्या दुपारी एकत्र करतो. क्लायंटला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘दुपारी दोननंतर केव्हाही’ म्हणणे सोपे जाते आणि ते मान्यही होते.

महाराष्ट्रातल्या सल्लागाराला यात भूगोलाची मदत होते. फ्रँकफर्टचे सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे 1:30 आणि उन्हाळ्यात 12:30. युरोपातले क्लायंट कार्यालयात पोहोचण्याआधीच इथली सकाळ पार पडलेली असते. हा फरक मार्चच्या शेवटच्या रविवारी एका तासाने कमी होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा वाढतो, त्यामुळे मार्चअखेरीस ब्लॉकची वेळ तपासून घ्यावी लागते. स्थानिक बाजूलाही असा एक आधार आहे. पुणे–पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कारखान्यांचे काम करणाऱ्या सल्लागाराला गुरुवारी क्लायंटचा फोन जवळजवळ येत नाही, आणि तरीही पुष्कळ जण त्याच दिवशी इतर मीटिंगा लावून तो हातचा घालवतात.

एक नमुना पाहू. पुण्यातल्या एका स्वतंत्र सल्लागार बाईंकडे दोन क्लायंट आहेत: भोसरीतला सुटे भाग बनवणारा कारखाना आणि फ्रँकफर्टमधली एक कंपनी. भोसरीच्या गोदामातल्या साठ्याचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. त्यांचा पहिला अंदाज 8 तासांचा होता. पण जुन्या नोंदी काढून पाहिल्यावर असे मागचे तीन अहवाल 11, 13 आणि 12 तासांत झाल्याचे दिसले. कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, या प्रवृत्तीवर डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच बोट ठेवले होते, आणि तिच्यावर खरा उपाय स्वतःच्या जुन्या नोंदींचा आहे. बाईंनी 12 तास धरले. तीन तासांचे चार ब्लॉक पडले: सोमवार आणि बुधवारी 9:30 ते 12:30, आणि गुरुवारी सकाळी तेवढाच व दुपारी 2 ते 5. मंगळवारचा पूर्ण दिवस कारखान्यात. फ्रँकफर्टचे सगळे कॉल सोमवार आणि बुधवारी दुपारी. शुक्रवारची सकाळ, म्हणजे आणखी तीन तास, कोणतेही काम न नेमता राखीव.

सोमवारच्या ब्लॉकवर त्यांनी ‘अहवाल’ एवढेच लिहिले नाही, तर ‘ईआरपी या संगणक प्रणालीतला साठा आणि गोदामाची नोंद यांतला फरक काढणे’ असे लिहिले. त्यामुळे मंगळवारी कारखान्यात नेमके कोणते रॅक मोजायचे ते ठरले. ब्लॉकमध्ये शेवटी काय हातात असेल हे लिहिलेले नसले, की पहिली वीस मिनिटे कुठून सुरुवात करावी यातच जातात.

बुधवारी 10:15 ला भोसरीहून फोन आला. एक भाग संपल्यामुळे उत्पादनाची लाइन थांबली होती. अशा फोनला थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, सल्लागार त्यासाठीच नेमलेला असतो. बाईंनी उठण्याआधी दोन ओळी लिहिल्या: काम कुठवर आले आणि पुढची पायरी कोणती. लरॉय आणि थेरेसा ग्लोम यांनी 2018 मध्ये दाखवले, की अशी छोटी नोंद केली तर मधेच आलेल्या कामावर लक्ष जास्त चांगले लागते. उरलेले सव्वादोन तास त्यांनी शुक्रवारच्या राखीव वेळेत हलवले. तेच रात्री नऊनंतर टाकले असते, तर गुरुवारची सकाळ थकव्यात गेली असती.

सल्लागाराच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते आणि ती सहज ध्यानात येत नाही. मोठे क्लायंट त्याला स्वतःचा ईमेल पत्ता आणि कॅलेंडर देतात, आणि मीटिंग लावणारा माणूस तेच कॅलेंडर पाहतो. ब्लॉक फक्त स्वतःच्या कॅलेंडरवर असेल, तर क्लायंटला तो वेळ मोकळा दिसतो. म्हणून ब्लॉक दोन्हीकडे टाकावा, क्लायंटकडे तपशील न दाखवता फक्त `Busy` म्हणून. `Tentative` ठेवले तर लोक त्यावर बिनदिक्कत मीटिंग लावतात. गूगल कॅलेंडरच्या कार्यालयीन खात्यांत `Focus time` हा वेगळा प्रकार आहे आणि तो आड येणारी निमंत्रणे आपोआप नाकारू शकतो. नव्या क्लायंटबरोबर मात्र हे सुरुवातीलाच वापरू नये. कारण न सांगता आलेला नकार त्याला खटकतो.

आखणी चालते आहे का, हे नोंदीवरून कळते. दर शुक्रवारी नेमलेले तास आणि प्रत्यक्ष मिळालेले तास शेजारी लिहावेत. सलग तीन आठवडे निम्म्याहून कमी तास मिळाले, तर दोष बहुधा शिस्तीचा नसतो. एक तर क्लायंट जास्त झालेले असतात किंवा राखीव वेळच ठेवलेली नसते. उलट सगळे ब्लॉक पाळले जातात आणि काम तरी उरते, तर अंदाज चुकलेला असतो.

नवी प्रणाली सुरू होण्याच्या आठवड्यात, किंवा क्लायंटच्या कार्यालयातच बसून काम करावे लागते तेव्हा, ही पद्धत तुटते. तेव्हा दिवसाला एक तास धरून बाकीचा वेळ मोकळा सोडणेच योग्य. मोठ्या सल्लागार कंपनीतल्या कनिष्ठाला स्वतःचे कॅलेंडर हातात नसते. त्याने आधी आपल्या मॅनेजरकडून आठवड्यातल्या दोन सकाळी मागून घ्याव्यात, आणि त्या बदल्यात त्या दिवशी दुपारी काय तयार मिळेल ते सांगावे.