खोलीच्या टॅगमधला आकडा शेड्यूलमध्ये जातो तो कसा

फ्लॅटचा प्लॅन बघितला की प्रत्येक खोलीच्या मधोमध एक छोटा चौकोन दिसतो, त्यात 103, खाली BEDROOM 1, त्याखाली 10.80 असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि शीटच्या एका कोपऱ्यात सगळ्या खोल्यांचं टेबल असतं ज्याला आपण रूम शेड्यूल म्हणतो. कागदावर बघणाऱ्याला वाटतं की दोन्हीकडे कोणीतरी बसून टाइप केलंय. बऱ्याच ऑफिसात खरंच तसंच करतात, आणि मग भिंत सहा इंच सरकली की टॅग बदलायचा राहतो किंवा टॅग बदलला तर टेबल राहतं. ऑटोकॅडमध्ये यावर चांगला उपाय आहे, ब्लॉक अॅट्रिब्यूट, आणि तो नीट समजला तर टेबल स्वतः टाइप करायची वेळच येत नाही. पण तो अर्धवट समजला तर चूक जास्त सुबकपणे लपते, आणि मला मुख्यतः तेच सांगायचंय.

आधी अॅट्रिब्यूट म्हणजे काय ते बघू. साधा टेक्स्ट म्हणजे कागदावर उमटलेली अक्षरं, 10.80 लिहिलं तर ड्रॉइंगच्या दृष्टीने ती पाच अक्षरं, ते क्षेत्रफळ आहे की पिनकोडचा तुकडा हे त्याला माहीत नाही. अॅट्रिब्यूट म्हणजे छापील फॉर्ममधला रकाना, त्याला नाव असतं आणि त्या नावाखाली भरलेली किंमत असते. ड्रॉइंग DXF मध्ये सेव्ह करून नोटपॅडमध्ये उघडलं तर हे डोळ्यांनी दिसतं, मधल्या बाकीच्या ओळी काढल्या तर एवढं उरतं:

```
  0
ATTRIB
  1
BEDROOM 1
  2
RM_NAME
```

1 च्या खाली भरलेली किंमत, 2 च्या खाली रकान्याचं नाव. हे नाव सोबत असतं म्हणूनच नंतर प्रोग्रॅमला सांगता येतं की ड्रॉइंगमधले सगळे RM_NAME गोळा कर आणि एका कॉलममध्ये मांड.

टॅग बनवायचा तर आधी चौकोन काढायचा, मग ATTDEF कमांड देऊन तीन रकाने ठेवायचे, RM_NO, RM_NAME, AREA. टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही म्हणून अंडरस्कोर. मग BLOCK कमांडने चौकोन आणि तिन्ही रकाने मिळून एक ब्लॉक करायचा, इथे रकाने एकेक करून ज्या क्रमाने हवेत त्या क्रमाने निवडा, कारण नंतर ब्लॉक टाकताना प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात, खिडकी ओढून एकदम निवडले तर बहुतेक वेळा क्रम उलटा येतो आणि रोज शंभर टॅग टाकणाऱ्या माणसाला ते फार जाचतं. अजून एक, ‘चौ.मी.’ हे एकक AREA च्या रकान्यात भरू नका, ब्लॉकमध्येच बाजूला साधा टेक्स्ट म्हणून ठेवा. रकान्यात निव्वळ आकडा राहिला तरच पुढे बेरीज होते.

आता AREA मध्ये आकडा हाताने भरायचा नाही, फील्ड टाकायचं, म्हणजे ड्रॉइंगमधल्या दुसऱ्या वस्तूवरून स्वतः वाचून येणारी किंमत. खोलीच्या आतल्या कडेने बंद पॉलीलाइन काढायची, टॅगवर डबल क्लिक करून AREA च्या किमतीवर राइट क्लिक, Insert Field, त्यात Object निवडायचं, ती पॉलीलाइन दाखवायची आणि Area घ्यायचं. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर 3000 बाय 3600 च्या खोलीचं उत्तर 10800000 येईल, घाबरायचं नाही, Additional Format मध्ये कन्व्हर्जन फॅक्टर 0.000001 दिला की 10.80 चौरस मीटर होतं, चौरस फूट हवे असतील तर 0.00001076391 द्या, 116.25 येईल. फील्ड स्क्रीनवर राखाडी पट्टीवर दिसतं, ती पट्टी प्रिंटमध्ये येत नाही. पट्टी नसेल तर समजायचं की इथे कोणीतरी हाताने आकडा ठोकलाय. पॉलीलाइन ओढून मोठी केली आणि REGEN दिलं की आकडा आपोआप बदलतो.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता आमच्याकडे काय झालं ते सांगते.

एका 2 बीएचके फ्लॅटचा प्लॅन होता. सात खोल्या: लिव्हिंग 17.16, किचन 7.20, बेडरूम 1 चे 10.80, बेडरूम 2 चे 9.90, दोन टॉयलेट 2.88 आणि 3.15, पॅसेज 3.00, बेरीज 54.09 चौरस मीटर. मी बेडरूम 1 चा टॅग पूर्ण भरला आणि तोच COPY करून बेडरूम 2 मध्ये नेला, नंबर 104 केला, नाव बदललं, आकड्याकडे बघितलं तर राखाडी पट्टी होती, म्हणजे फील्ड आहे, म्हणजे बरोबर असणार असं धरून पुढे गेले. फील्ड होतंच, पण ते अजून बेडरूम 1 च्या पॉलीलाइनला बांधलेलं होतं! टॅग एकटा कॉपी केला तर त्याच्या पोटातला पत्ता तोच राहतो, तो कुठल्या खोलीत नेऊन ठेवलाय हे त्याला कळत नाही. त्यामुळे शेड्यूलमध्ये बेडरूम 2 पण 10.80 आली आणि बेरीज 54.99. फरक 0.90 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदहा चौरस फूट, आणि हे एका फ्लॅटचं, तसे मजले होते आठ. टाइल्सचा हिशोब करणाऱ्या मुलाने टेपने मोजलं तेव्हा सापडलं.

म्हणून टॅग कॉपी केल्यावर फील्ड पुन्हा जोडायचंच, आणि शंका आली तर सोपी चाचणी आहे: खोलीची पॉलीलाइन ग्रिपने जरा ओढा, REGEN द्या, कुठल्या टॅगचा आकडा हलला ते बघा, मग Undo. त्याच खोलीचा हलला पाहिजे आणि फक्त त्याच खोलीचा. पॉलीलाइन कोणी डिलीट केली असेल तर फील्डमध्ये #### येतं, ती चूक निदान ओरडून सांगते, चुकीच्या खोलीला जोडलेलं फील्ड मात्र गप्प असतं.

आता टेबल. कमांड आहे DATAEXTRACTION, ड्रॉइंग आधी सेव्ह केलेलं हवं, मग विझार्ड उघडतो. नवीन एक्स्ट्रॅक्शनला नाव द्यायचं, त्याची .dxe फाइल होते, तिच्यात तुमची सगळी निवड साठवली जाते म्हणून ती ड्रॉइंगसोबतच ठेवा. पुढे यादी येते त्यात फक्त अॅट्रिब्यूट असलेले ब्लॉक दाखव असं सांगायचं आणि आपला रूम टॅगचा ब्लॉक तेवढा टिक करायचा, नाहीतर दरवाजे, कमोड, गाड्या सगळंच टेबलात येतं. प्रॉपर्टीमध्ये फक्त Attribute ठेवायचं. मग येतं Refine Data नावाचं पान, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं पान हेच, लोक मात्र इथे नुसतं Next दाबतात.

या पानावर एकसारख्या ओळी एकत्र करायची आणि Count कॉलम दाखवायची सोय आहे. RM_NO सोडून बाकी कॉलम लपवले तर Count सगळीकडे 1 पाहिजे, 2 दिसला म्हणजे एकच नंबर दोन खोल्यांना दिलाय. मग फक्त AREA ठेवून बघा. आमच्या प्लॅनमध्ये इथे 10.80 समोर 2 दिसला असता! दोन खोल्या खरंच सारख्या असू शकतात, पण 2 दिसला की उठून जाऊन बघायचं. ही तपासणी झाली की कॉलम परत आणायचे, RM_NO वर सॉर्ट करायचं आणि टेबल ड्रॉइंगमध्ये टाकायचं, हवं तर एक्सेलमध्येही काढता येतं. सॉर्टिंगबद्दल एक, अॅट्रिब्यूट हा शेवटी मजकूर, त्यामुळे 10 नंबर 2 च्या आधी लागू शकतो, म्हणून 101, 102 असे सारख्या लांबीचे नंबर द्या.

टेबल काढलं की ते जिवंत आहे असं समजू नका. टॅगमधला आकडा REGEN ने बदलतो, पण टेबल बदलायला टेबलवर राइट क्लिक करून Update Table Data Links करावं लागतं किंवा DATALINKUPDATE द्यावं लागतं. म्हणजे साखळी दोन कड्यांची आहे, पॉलीलाइन ते टॅग आणि टॅग ते टेबल, प्रिंट काढायच्या आधी दोन्ही हलवायच्या, याच क्रमाने. आणि टेबलातले सेल लॉक असतात ते लॉक उघडून आकडा दुरुस्त करू नका, पुढच्या अपडेटला तुमची दुरुस्ती पुसली जाते. दुरुस्ती टॅगमध्येच करायची.

अजून दोन गोष्टी टॅगचा जीव घेतात. एक म्हणजे EXPLODE, त्याने भरलेली किंमत जाते आणि तिथे RM_NAME असं रकान्याचं नाव उरतं, फोडायचंच असेल तर एक्सप्रेस टूल्समधलं BURST वापरा, ते निदान किंमत टेक्स्ट म्हणून ठेवतं. दुसरी म्हणजे मधेच रकान्याचं नाव बदलणं. ब्लॉक एडिटरमध्ये नाव बदलून ATTSYNC दिलं तर जुना रकाना किमतीसकट जातो आणि नवीन रिकामा येतो, म्हणून नाव BATTMAN मधून बदला.

या टेबलची बेरीज बिल्डर लोक सरळ कार्पेट एरिया म्हणून उचलतात, ते मात्र चूक आहे. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियात फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरलेली आहे, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरलेली नाही. आपल्या पॉलीलाइन तर खोल्यांच्या आतल्या कडेने आहेत, म्हणजे पार्टिशन सुटल्या. त्या फ्लॅटमध्ये 100 मिलिमीटरच्या पार्टिशन साधारण 22 मीटर होत्या, म्हणजे 2.20 चौरस मीटर, आणि 54.09 चे होतात 56.29. यासाठी बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेने एकच वेगळी पॉलीलाइन काढायची आणि तिला वेगळ्या ब्लॉकचा वेगळा टॅग द्यायचा, रूम शेड्यूलमध्ये मिसळायची नाही.

टायटल ब्लॉकचं तंत्र हेच, फक्त तो लेआउटवर बसतो आणि रकाने DRG_NO, REV, SCALE, DATE असे असतात. शीटच्या नावासाठी लेआउटच्या नावाचं फील्ड टाकलं की लेआउटचं नाव बदललं की शीटवरही बदलतं. तारखेला मात्र Date हे फील्ड टाकू नका, ते आजची तारीख दाखवतं, सहा महिन्यांनी जुन्या ड्रॉइंगमध्ये कोणी UPDATEFIELD दिलं की त्यावर नवी तारीख येते आणि साइटवाला विचारतो हे नवीन आलंय का. इश्यूची तारीख हाताने भरलेलीच बरी, बाजूला बारीक अक्षरात PlotDate ठेवा हवं तर.

आणि शीटची यादीही अशीच काढता येते. एकाच DATAEXTRACTION मध्ये प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर द्यायचं, टायटल ब्लॉक तेवढा टिक करायचा, पण सेटिंगमध्ये फक्त मॉडेल स्पेस निवडलेलं नाही ना ते बघा, नाहीतर टायटल ब्लॉक लेआउटवर असल्यामुळे यादी रिकामी येते आणि माणूस तासभर ब्लॉकमध्ये चूक शोधत बसतो. यादी आली की फाइलचं नाव आणि REV हे दोन कॉलम शेजारी ठेवा. त्या फ्लॅटच्या प्रोजेक्टला चौदा शीट होती, तेरांवर R3 आणि टॉयलेट डिटेलच्या शीटवर R2 होतं, ते शीट उघडलं तर त्यात खरंच जुन्याच भिंती होत्या.