पाझर तलावापासून कायद्यापर्यंत: चर्चेतल्या प्रश्नांच्या क्रमामागचा इतिहास

मराठवाड्यातल्या पदव्युत्तर विभागांत सेमिनार म्हणजे बहुतेकदा एका विद्यार्थ्याने निबंध वाचायचा आणि शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारलं गेलं की सगळ्यांनी घड्याळाकडे बघायचं. मग आपली मुलं ‘मितभाषी’च, असं म्हणून विषय मिटवायचा. चर्चा प्रश्नांवरच उभी करायची आणि त्या प्रश्नांची साध्या माहितीपासून सगळं जोडून घेणाऱ्या संश्लेषणापर्यंतची चढण आधी आखून ठेवायची, ही पद्धत आपल्याकडे दोन वाटांनी आली. दोन्ही वाटा अर्ध्यावरच थांबल्या.

पहिली वाट डी.एड., बी.एड.च्या पाठ टाचणातली, म्हणजे हर्बार्टच्या पंचपदीची. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टच्या विचारांना पाच पायऱ्यांचा साचा दिला तो एकोणिसाव्या शतकात त्याच्या अनुयायांनी. सराव पाठ घेतलेल्या कुणालाही यातली प्रस्तावना आठवत असेल. पूर्वज्ञानावरचे चार-पाच सोपे प्रश्न विचारायचे आणि शेवटचा असा ठेवायचा की मुलं अडतील. मग शिक्षक फळ्याकडे वळून हेतुकथन करणार: ‘आज आपण अमुक शिकणार आहोत.’ चढत्या क्रमाची कल्पना इथे आहे, पण मुलं अडली की पुढचं शिक्षकच बोलतो. कठीण प्रश्नाचा उपयोग वर्गाला गप्प करण्यापुरता होतो.

दुसरी वाट ब्लूमची. 1948 मध्ये बोस्टनला अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं अधिवेशन भरलं होतं. तिथे महाविद्यालयांच्या परीक्षांचं काम पाहणारी काही मंडळी एकत्र बसली. एकमेकांचे प्रश्न वापरता यावेत म्हणून त्यांना एक सामाईक वर्गवारी हवी होती. त्यातून 1956 मध्ये बेंजामिन ब्लूमच्या संपादनाखाली ज्ञान, आकलन, उपयोजन, पृथक्करण, संश्लेषण आणि मूल्यमापन ही सहा पातळ्यांची मांडणी आली. हे मुळात प्रश्नपेढीचं काम होतं. वर्गात कोणता प्रश्न आधी विचारावा, हा त्यांचा विषयच नव्हता. शिवाय संश्लेषण त्यात शेवटचं नाही, पाचवं आहे. 2001 च्या सुधारित आवृत्तीत वरच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली आणि नवनिर्मिती शिखरावर गेली. ज्या शिडीची वरची टोकं अशी हलतात, तिचा क्रम देवाज्ञा मानू नये.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ब्लूम स्वतः परीक्षा सुधारणेच्या कामासाठी भारतात आले. त्याच सुमारास, 1958 मध्ये, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि इथली महाविद्यालयं उस्मानियाकडून त्याच्याकडे आली. म्हणजे इथल्या अध्यापक प्रशिक्षणाची घडी बसत होती तेव्हाच ही वर्गवारी हाताशी आली होती. ती रुळली मात्र प्रश्नपत्रिकेचा आराखडा मांडणाऱ्या संविधान तक्त्यात: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि समोर गुणांचे रकाने. पृथक्करण, संश्लेषण, मूल्यमापन या पायऱ्या शालेय तक्त्यात स्वतंत्र उरल्याच नाहीत. एम.ए.ला आलेल्या मुलासमोर आपण संश्लेषणाचा प्रश्न टाकतो, तेव्हा त्याच्या शाळेच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता, हे माझ्या मते त्याच्या ‘मितभाषी’ स्वभावापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

क्रमाचा खरा अभ्यास केला तो हिल्डा टाबा यांनी. मूळच्या एस्टोनियाच्या या शिक्षणतज्ज्ञ साठच्या दशकात कॅलिफोर्नियात प्राथमिक शाळांच्या सामाजिक शास्त्रांच्या वर्गांत काम करत होत्या. त्यांनी वर्गातल्या चर्चा टेप करून वाक्यावाक्याने तपासल्या. त्यांना दिसलं की शिक्षकाने विचाराची पातळी फार लवकर उचलली तर मुलं थोडा वेळ वर जातात आणि पुन्हा खाली घसरतात. मग वरच्या पातळीवर टिकणं त्यांना जमत नाही. उलट खालच्या पातळीवर पुरेसा माल गोळा झाला असेल तर तीच मुलं वर जाऊन टिकतात. त्यांचा क्रमही साधा होता: आधी गोष्टींची यादी करा, मग त्यांचे गट करा, गटांना नावं द्या, नंतर ‘असं का?’ विचारा आणि शेवटी ‘मग अशा ठिकाणी काय होईल?’ असा प्रश्न ठेवा. अभ्यास लहान मुलांचा होता हे खरं, पण घसरण एम.ए.च्या वर्गातही तशीच दिसते.

विषय घेऊ रोजगार हमी योजनेचा. सुरुवातीलाच ‘रोहयो यशस्वी झाली का?’ असं विचारलं की लगेच दोन भाषणं होतात, एक भ्रष्टाचारावर आणि एक गरिबांच्या कल्याणावर. त्यात ना गावाचं नाव येतं ना कायद्याचं कलम. पातळी फार लवकर उचलल्याची हीच खूण. त्याऐवजी ‘कायदा कोणत्या साली झाला?’ विचारलं तरी भागत नाही. एकजण 1977 म्हणतो, बाकीचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तोंडी परीक्षा सुरू होते. सलामीचा प्रश्न सोपा हवा, पण एकाच उत्तराचा नको.

म्हणून पहिला प्रश्न: तुमच्या गावात बहात्तरच्या दुष्काळात झालेलं काम म्हणून काय दाखवतात? याला प्रत्येकाकडे उत्तर असतं. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडून केलेला रस्ता, आणि सोबत आजीकडून ऐकलेली सुकडी आणि मिलो ज्वारी. दहा-बारा उत्तरं फळ्यावर आली की दुसरा प्रश्न: यातलं आजही कामाला येणारं कोणतं, आणि कुणाच्या? इथे गट आपोआप पडू लागतात. रस्ता सगळ्यांचा, तलावाचं पाणी मात्र खालच्या अंगाला विहीर असणाऱ्याचं.

आता कायद्याचा मजकूर हातात द्यावा. काम कोण मागू शकतं आणि मिळालं नाही तर काय, हे त्यातून शोधायला लावावं. पुढचा प्रश्न तुलनेचा: बहात्तरची दुष्काळी कामं आणि ही हमी यांत फरक कुठे पडतो? दुष्काळी कामं सरकारने दुष्काळ मानल्यावर निघतात, हमीत मागणी मजुराकडून सुरू होते, इथपर्यंत वर्ग स्वतः पोचतो. याच टप्प्यावर हमीच्या खर्चासाठी बसवलेला 1975 चा व्यवसाय कर आणावा: मुंबईच्या पगारदाराने मराठवाड्यातल्या भूमच्या मजुरासाठी पैसे का द्यावेत?

वर केव्हा जायचं, हे उत्तरांवरून कळतं. नवी उत्तरं जुन्याच प्रकारची यायला लागली, ‘आमच्याकडंही पाझर तलावच’ असं तिसऱ्यांदा ऐकू आलं, की थांबणं वेळ खातं. उलट ‘का’ विचारल्यावर भाषण सुरू झालं तर ‘कुठल्या गावात?’ असं विचारून एक पायरी खाली यावं. प्रश्न टाकून गप्प राहणंही जमवावं लागतं. सत्तरच्या दशकात मेरी बड रो यांनी मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांब आणि कारणांसह येऊ लागली. शेवटच्या प्रश्नाला तीन सेकंदही पुरत नाहीत. तो फळ्यावर लिहून दोन-तीन मिनिटं वहीत टिपणं करू द्यावीत.

तो प्रश्न असा: महाराष्ट्राच्या कायद्यात हमी प्रौढ व्यक्तीला होती. 2005 च्या केंद्रीय कायद्याने ती कुटुंबाला वर्षाला 100 दिवस अशी दिली. या बदलात तुमच्या गावातल्या कुणाचं काय गेलं आणि कुणाला काय मिळालं? उत्तरात फळ्यावरचं एक काम, कायद्याचं एक कलम आणि वर्गात कुणीतरी मांडलेलं एक कारण आलंच पाहिजे. ही अट नसेल तर शेवटी पुन्हा तीच दोन भाषणं ऐकावी लागतात. तासाच्या वर्गात यासाठी निदान वीस मिनिटं राखावी लागतात आणि ती मिळवायची तर कलम शोधण्याचा भाग आटोपशीर ठेवावा, पाझर तलावांचा नव्हे.