स्क्रीनवर 'फुल', पण बॅटरी उपाशी

नागपुरातला मे महिना, दुपारचे १२. स्लॅबवर पाय ठेवता येत नाही इतकं ऊन, सोलर पॅनेल स्वच्छ पुसलेले, आणि पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर चार्जिंगचा आकडा जेमतेम २.५ अँपिअर. रात्री लाइट गेली की दोन पंखे दीड तासात बंद. अशा वेळी पहिला संशय पॅनेलवर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

एक नेहमी दिसणारी मांडणी घेऊ. १६० वॅटचे दोन पॅनेल समांतर जोडलेले, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. चांगल्या उन्हात इथून १५-१६ अँपिअर यायला हवेत. आधी एक गोष्ट मात्र तपासून घ्या: इन्व्हर्टर रात्री लाइटवरही बॅटरी भरतो का? तसं असेल तर सकाळी बॅटरी भरलेलीच असते आणि सोलरला काम उरत नाही. तो बिघाड नव्हे. लाइटवरचं चार्जिंग दोन दिवस बंद ठेवा आणि मगच पुढची तपासणी करा.

आता मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावा आणि चार्जिंग सुरू असताना कंट्रोलरच्या पॅनेलकडच्या दोन स्क्रूंवर व्होल्टेज मोजा. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पूर्ण जोरात चार्ज करत असेल, तर तो पॅनेलला जवळजवळ थेट बॅटरीशी जोडतो. त्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज खाली ओढलं जातं आणि बॅटरीपेक्षा थोडंसंच जास्त दिसतं. तिथे १८-१९ व्होल्ट दिसले, तर पॅनेल वीज द्यायला तयार आहे आणि ती अडवतोय कंट्रोलर. व्होल्टेज बॅटरीइतकं खाली असूनही अँपिअर कमी असतील, तरच वर स्लॅबवर जा: सैल एमसी४ कनेक्टर, सावली, करपलेला जंक्शन बॉक्स बघा.

आपल्या उदाहरणात मीटर १८.८ दाखवतो, म्हणजे अडवणारा कंट्रोलर आहे. पण का?

कंट्रोलरला बॅटरीत किती वीज आहे हे कळत नाही. त्याला फक्त स्वतःच्या बॅटरीकडच्या स्क्रूंवरचं व्होल्टेज दिसतं. ते १४.४ झालं की तो बॅटरी भरत आली असं समजून करंट आवळू लागतो, बऱ्याच मॉडेलमध्ये दोन तास १४.४ धरून ठेवतो आणि मग १३.८च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवून ठेवणाऱ्या व्होल्टेजवर, उतरतो. आता मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, पोस्टवरच. समजा सकाळी ९ वाजता स्क्रीनवर १४.४ व्होल्ट आणि ८ अँपिअर आहेत, आणि पोस्टवर १३.५. मधले ०.९ व्होल्ट वाटेत गेले. हा फरक ०.२च्या आत असायला हवा. ०.९ भागिले ८ म्हणजे साधारण ०.११ ओहमचा रोध वाटेत बसला आहे. म्हणून ९ वाजताच कंट्रोलरला बॅटरी भरत आल्यासारखी वाटते, ११ वाजता तो फ्लोटवर जातो, आणि भर दुपारी १३.८ आणि बॅटरीच्या १३.५मधल्या ०.३ व्होल्टच्या जोरावर त्याच वाटेतून फक्त अडीच-तीन अँपिअर जातात. ऊन वाढलं आणि करंट घटला, या कोड्याचं उत्तर हेच.

हा रोध नेमका कुठे आहे, तेही मीटरच सांगतो. चार्जिंग चालू असताना एक पिन कंट्रोलरच्या प्लस स्क्रूवर ठेवा आणि दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे न्या: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, क्लॅम्पवर, शेवटी पोस्टवर. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष. मग मायनसच्या बाजूने तेच करा. ही बाजू लोक हमखास विसरतात. बहुतेकदा उडी क्लॅम्प आणि पोस्टच्या मध्ये असते, जिथे पांढरट-निळसर भुकटी साचलेली दिसते. कधी फ्यूज होल्डर हाताला गरम लागतो, कधी लग न लावता नुसतीच पिळून बसवलेली वायर सापडते.

दुरुस्ती करताना क्रम चुकवू नका. आधी पॅनेलची वायर काढायची, मग बॅटरीची. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. १२/२४ व्होल्ट आपोआप ओळखणारे कंट्रोलर बॅटरी पाहून व्होल्टेज ठरवतात, त्यामुळे पॅनेल आधी जोडलं तर त्यांची फसगत होऊ शकते. पोस्ट खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (झाकणातून आत थेंबही जाऊ देऊ नका), कोरडा करून घासा, क्लॅम्प घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. अडीच एमएमची वायर असेल तर ती बदलून कंट्रोलर ते बॅटरी १० एमएमची तांब्याची वायर टाका, आणि तीही दोन मीटरच्या आतच ठेवा.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार पाहा. ट्यूब्युलरसाठी 'जेल' निवडलं असेल तर चार्जिंग लवकर आवरतं. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक चकवा आहे. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, म्हणून कंट्रोलर २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण १८ मिलिव्होल्ट कापतो. त्याचा तापमानाचा सेन्सर कंट्रोलरच्या डब्यातच असेल आणि डबा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर ५५ अंशांत असेल, तर १४.४चे सरळ १३.८६ होतात. खोलीत ३५ अंशांत बसलेल्या बॅटरीला मात्र १४.२ हवे असतात. डबा सावलीच्या भिंतीवर हलवा किंवा बाहेरचा सेन्सर बॅटरीला चिकटवा.

स्क्रीनवर १४.४ आणि पोस्टवरही १४.३-१४.४, तरी रात्री बॅटरी टिकत नाही? मग दोष बॅटरीच्या आत आहे. निम्मी रिकामी १५० एएच बॅटरी १५ अँपिअरने भरायला पाच तास तरी लागतात. ती वीस मिनिटांत १४.४ला पोहोचत असेल, तर प्लेटांवर सल्फेट बसलं आहे. खात्री हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने करा. नीट भरलेल्या ट्यूब्युलरच्या सहाही सेलमध्ये साधारण १.२४० यायला हवं. आम्ल गरम असेल तर २७ अंशांच्या वर दर १० अंशांना ०.००७ मिळवायचे. डिस्टिल्ड वॉटर नुकतंच घातलं असेल तर मोजू नका. पाणी वरच तरंगतं आणि आकडा खोटा येतो.

सगळे सेल १.१८०च्या आसपास असतील तर आशा आहे. पाण्याची पातळी नीट करून, खिडक्या उघड्या ठेवून, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या व्होल्टेजवर काही तास इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्तीचं चार्जिंग, द्या आणि पुन्हा मोजा. त्यानंतरही एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३०हून अधिक खाली राहिला, तर तो सेल गेला, आणि त्याच्यासोबत बॅटरीही. अशा बॅटरीला आणखी एक पॅनेल जोडणं म्हणजे फुटक्या माठाला मोठा नळ लावणं.