पुढची ऑर्डर देण्याची संधी कधी?

गोदामातल्या कुठल्याही वस्तूबाबत दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: ऑर्डर कधी द्यायची आणि किती द्यायची. त्यातली एक पक्की केली की दुसरी आपोआप मोकळी राहते. साठा एका ठरलेल्या पातळीला उतरला की ठरलेल्या आकाराची ऑर्डर द्यायची, ही सतत आढाव्याची पद्धत. त्या पातळीला रीऑर्डर पॉइंट म्हणतात. इथे ऑर्डरचा आकार पक्का असतो, दिवस मोकळा. उलट, दर सोमवारी किंवा दर महिन्याच्या १ तारखेला साठा पाहायचा आणि एका वरच्या पातळीपर्यंत भरून निघेल इतका माल मागवायचा, ही नियतकालिक आढाव्याची पद्धत. इथे दिवस पक्का, आकार मोकळा.

महाग वस्तूंवर सतत नजर ठेवा, स्वस्त वस्तू अधूनमधून पाहा, असा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दोन पद्धतींमधला खरा फरक एका आकड्यात पकडता येतो, आणि त्या आकड्यात वस्तूची किंमत कुठेच नसते.

एक बॉल बेअरिंग घेऊ. रोज सरासरी २० नग खपतात. खप काही दिवशी १५, काही दिवशी २५ असा वरखाली होतो. या चढउताराचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, ५ नग आहे. ऑर्डर दिल्यापासून माल हाती यायला ९ दिवस लागतात. हा लीड टाइम.

सतत आढावा असेल तर धोका फक्त या ९ दिवसांचा. ऑर्डर गेली, आता माल येईपर्यंत जे काही खपेल ते हातातल्या आणि वाटेवरच्या साठ्यातूनच भागवायचं. ९ दिवसांचा सरासरी खप १८० नग. चढउतारासाठी वर थोडा सुरक्षा साठा हवा. चढउतार दिवसांच्या पटीत वाढत नाही, कारण एखाद्या दिवशी खप जास्त झाला तर दुसऱ्या दिवशी कमी होतो आणि बरंचसं एकमेकांत फिटतं. तो दिवसांच्या वर्गमूळाच्या पटीत वाढतो. ९ चं वर्गमूळ ३, म्हणून ९ दिवसांचा चढउतार १५ नगांचा. त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० नग जास्तीचे ठेवले, तर दर १०० फेऱ्यांपैकी साधारण ९८ वेळा माल पुरतो. रीऑर्डर पॉइंट झाला २१०.

आता हेच बेअरिंग आठवड्यातून एकदा, सोमवारी, मागवायचं ठरवलं. आजच्या ऑर्डरचा माल ९ दिवसांनी येईल. पण आजची संधी गेली की पुढची ऑर्डर थेट ७ दिवसांनी, आणि तिचा माल त्यानंतर ९ दिवसांनी. मधल्या मंगळवारी खप अचानक वाढला तरी काही करता येत नाही. म्हणजे आजच्या निर्णयाने ९ नव्हे, १६ दिवस निभावून न्यायचे आहेत. १६ दिवसांचा सरासरी खप ३२० नग, वर्गमूळ ४, चढउतार २० नगांचा, सुरक्षा साठा ४०. दर सोमवारी साठा ३६० पर्यंत भरायचा.

एका बाजूला लीड टाइम, दुसऱ्या बाजूला लीड टाइम अधिक आढाव्यातलं अंतर. दोन्ही पद्धतींचं सगळं वेगळेपण या एका जास्तीच्या अंतरात आहे. सतत आढाव्यातही दर वेळी १४० नग, म्हणजे आठवड्याचा खप, मागवला तर सरासरी साठा तिथे १०० नग आणि इथे ११०. आठवड्यातून एकदाच पाहण्याची किंमत १० नग.

ही किंमत लीड टाइमप्रमाणे कशी बदलते ते पाहण्यासारखं आहे. पुरवठादार जवळ असून माल २ दिवसांत येत असेल, तर सतत आढाव्याला १४ नगांचा सुरक्षा साठा पुरतो. साप्ताहिक आढाव्याला ३० लागतात. दुपटीहून जास्त! पण माल समुद्रमार्गे ६० दिवसांनी येत असेल, तर हेच आकडे साधारण ७७ आणि ८२. ६० दिवस आंधळेपणाने काढायचेच असतील तर त्यात आणखी ७ मिळवून फारसं बिघडत नाही. म्हणून लांबून येणारी महागडी वस्तूही आठवड्यातून एकदा पाहिली तर चालते, आणि शेजारून येणाऱ्या मध्यम किमतीच्या वस्तूवर सतत नजर ठेवणं फायद्याचं ठरतं. वस्तूच्या किमतीआधी मी नेहमी लीड टाइम आणि आढाव्यातलं अंतर यांचं गुणोत्तर पाहतो.

किंमत येते ती यानंतर. ते जास्तीचे १० नग वर्षभर पडून राहणार. त्यांच्यात अडकलेलं भांडवल, जागा, विमा, खराब होण्याची शक्यता असा सगळा खर्च मिळून नगाच्या किमतीच्या पाव हिस्सा धरला, तर वर्षाला अडीच बेअरिंगांइतका खर्च झाला. वॉशरच्या बाबतीत हा खर्च नगण्य, मोटरच्या बाबतीत दुखणारा. समोर तोलायला नियतकालिक पद्धतीचा मोठा फायदा असतो: एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या ४० वस्तू एकाच ऑर्डरमध्ये, एकाच गाडीत येतात. सतत आढाव्यात प्रत्येक वस्तू आपापल्या दिवशी तळ गाठते आणि गाडी ४० वेगवेगळ्या दिवशी अर्धी रिकामी धावते. सोमवारची गाडी वाचवते ते ४० वस्तूंच्या जास्तीच्या सुरक्षा साठ्याच्या खर्चाहून अधिक असेल, तर सोमवारच धरावा.

आता संगणक प्रत्येक विक्रीची नोंद त्याच क्षणी करतो, म्हणून नियतकालिक पद्धत कालबाह्य झाली, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पाहणं स्वस्त झालं, ऑर्डर देणं झालेलं नाही. साठा सेकंदासेकंदाला दिसत असला तरी गाडी सोमवारीच निघत असेल, तर तुमची पद्धत नियतकालिकच आहे आणि हिशेब १६ दिवसांचाच करायला हवा. तो ९ दिवसांचा केला की दर आठवड्याला टंचाई होते आणि तिचं कारण कुणाला सापडत नाही. याउलट संगणक रोज रात्री एकदाच तपासणी करत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. ९ ऐवजी १० दिवस धरायचे, म्हणजे सुरक्षा साठा ३० चा ३२ होतो.

सतत आढावा बसवताना एक चूक इतकी सर्रास होते की ती नीट समजून घ्यावी. रीऑर्डर पॉइंटशी तुलना करायची ती फक्त फळीवरच्या मालाची नाही. फळीवरचा माल, त्यात वाटेवरच्या ऑर्डरी मिळवायच्या आणि ग्राहकांचं देणं बाकी असेल ते वजा करायचं, मग तुलना. आपल्या बेअरिंगचा रीऑर्डर पॉइंट २१० आहे. १४० नगांची ऑर्डर येऊन पडते तेव्हा फळीवर सरासरी १७० नग असतात, म्हणजे फळी भरलेली असतानाही आकडा २१० च्या खालीच. नुसती फळी पाहणारी यंत्रणा त्याच दिवशी पुन्हा १४० मागवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि ९ दिवसांनी गोदामात माल मावेनासा होतो. लागोपाठच्या तारखांना एकाच वस्तूच्या सारख्या आकाराच्या ऑर्डरी दिसल्या, तर पहिली शंका हीच घ्यावी.

इथवर खप रोज थोडा थोडा होत होता. काही वस्तू तशा वागत नाहीत. समजा तेच बेअरिंग दिवसाला सरासरी २० नगच खपतं, पण एकेक गिऱ्हाईक ६० नग उचलतं आणि ते कुठल्या दिवशी येईल याचा नेम नाही. आता रोजचं प्रमाण विचलन ५ वरून ३५ च्या आसपास जातं आणि सुरक्षा साठा ३० वरून २०० च्या पलीकडे. शिवाय रीऑर्डर पॉइंटमागचं एक गृहीतक मोडतं. साठा पायरीपायरीने उतरत २१० ला टेकेल आणि मग ऑर्डर जाईल, असं आपण धरलं होतं. प्रत्यक्षात तो २२० वर असतो आणि एका खरेदीत १६० वर येतो. ऑर्डर जाते ती ५० नग उशिरा. अशी घसरण सरासरी एका खरेदीच्या निम्मी, म्हणजे ३० नगांची असते.

उपाय दोन. घसरणीचे हे ३० नग रीऑर्डर पॉइंटमध्येच मिळवायचे. किंवा ऑर्डरचा आकार मोकळा सोडायचा: पातळी मोडली की ठरावीक १४० न मागवता वरच्या पातळीपर्यंत भरेल इतकं मागवायचं. दुसऱ्या उपायात दोन्ही पद्धतींचा मेळ आहे. त्याने ऑर्डर उशिरा जायची थांबत नाही, पण खड्डा जितका खोल तितकी ऑर्डर मोठी होते आणि घसरण पुढच्या फेरीत साचत नाही. ही चूक ओळखणं सोपं आहे. मागच्या वर्षभरात प्रत्येक ऑर्डर गेली तेव्हा एकूण साठा किती होता, ते आकडे काढा. ते रीऑर्डर पॉइंटच्या बरेच खाली असतील, तर घसरण हिशेबात धरलेली नाही.

सर्वांत वेगळं गणित क्वचित लागणाऱ्या महागड्या सुट्या भागांचं. वर्षाला सरासरी २ लागतात, यायला ३ महिने. इथे सरासरी आणि विचलनाचा हिशेब सोडून थेट शक्यता मोजाव्या लागतात. एक गेला की त्याच दिवशी एक मागवायचा, असा नियम ठेवून एकूण २ नग राखले, तर गरज पडेल तेव्हा भाग हजर असण्याची शक्यता ९१ टक्के येते. हाच भाग तिमाहीतून एकदा पाहिला, तर तेवढ्याच २ नगांत ती ८२–८३ टक्क्यांवर घसरते. घसरण भरून काढायला तिसरा नग घ्यावा लागतो, आणि एका नगाची किंमत जिथे यंत्राच्या किमतीशी तुलना करण्याजोगी असते, तिथे हा फरक सोडून देता येत नाही. सतत आढावा सर्वांत जास्त शोभतो तो इथेच. गंमत म्हणजे इथे पाहण्याचं कामही जवळजवळ नसतं, कारण वर्षातून दोनदाच काही घडतं.

दुसऱ्या टोकाला खिळे, वॉशर, सील अशा स्वस्त आणि सतत खपणाऱ्या वस्तू. वस्तूंची वर्षभरातल्या खपाच्या एकूण मूल्यानुसार अ, ब, क अशी विभागणी जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली मांडली, आणि सर्वांत कमी मूल्याच्या क गटाला नियतकालिक आढावा पुरतो हे नंतर नेमाने शिकवलं जाऊ लागलं. पण क गटासाठी कारखान्यांत सर्वांत जास्त चालणारी युक्ती, दोन पेट्यांची, ही खरं तर सतत आढाव्याची आहे. एक पेटी रिकामी झाली की ऑर्डर द्यायची आणि माल येईपर्यंत दुसरी वापरायची. दुसऱ्या पेटीत मावणारा माल हाच रीऑर्डर पॉइंट. मोजणी नाही, संगणक नाही, तरी नजर अखंड. फक्त दुसऱ्या पेटीचा आकार लीड टाइमच्या खपावरून आणि त्याच्या चढउतारावरून ठरवावा, आणि पुरवठादाराचा लीड टाइम वाढला की पेटीही बदलावी. पेट्या एकदा बसवल्या की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, आणि माल ५ दिवसांऐवजी १२ दिवसांनी येऊ लागला की दुसरी पेटीही रिकामी सापडायला लागते.