चालक प्रोफाइल

एकच गाडी घरातली दोन-चार माणसे चालवत असतील, तर प्रत्येकाची सीट, आरसे, एसी आणि स्क्रीनवरच्या आवडीनिवडी वेगवेगळ्या साठवून, त्या माणसाला ओळखून आपोआप लावण्याची सोय म्हणजे चालक प्रोफाइल. सीटची जागा लक्षात ठेवणाऱ्या गाड्या अमेरिकेत 1957 सालीच निघाल्या होत्या. पण कोण बसले आहे हे त्यांना ओळखता येत नसे. आता गाडी माणूस ओळखते. म्हणजे बहुतेक गाड्यांत खरे तर माणूस नव्हे, त्याच्या खिशातली चावी.

प्रत्येक रिमोट चावीला स्वतःचा क्रमांक असतो. दार उघडताना गाडी तो वाचते आणि त्या चावीला जोडलेली प्रोफाइल सुरू करते. सीटच्या मोटरी किती फिरल्या हे मोजून सीट नेमक्या जागी आणली जाते. त्यासाठी सीट आणि आरसे मोटरवर चालणारे हवेत. हाताने सरकवायची सीट असेल तर एसी, रेडिओ, फोन एवढेच बदलते.

घोळ होतो तो चावीमुळेच. समजा, पहिली चावी उंच नवऱ्याच्या प्रोफाइलला जोडली आहे आणि दुसरी ठेंगण्या बायकोच्या. घाईत नवरा दुसरी चावी उचलतो. तो बसतो न बसतो तोच सीट पुढे सरकू लागते आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकतात. अशा वेळी सीटचे कोणतेही बटण दाबले की बहुतेक गाड्यांत ती जागीच थांबते.

खरी गडबड पुढेच असते. तो वैतागून सीट मागे घेतो, आरसे फिरवतो आणि निघतो. काही गाड्या केलेला बदल चालू प्रोफाइलमध्ये परस्पर साठवतात. मग दुसऱ्या दिवशी बायको बसते तर पाय क्लचपर्यंत पोचत नाही आणि आरशात आकाश दिसते. काही गाड्यांत साठवण्याचे बटण दाबेपर्यंत जुनी नोंद शाबूत राहते. आपली गाडी यातली कोणती, हे एकदा मुद्दाम सीट सरकवून, गाडी बंद करून आणि पुन्हा उघडून पाहावे. सीट हलवण्याआधी स्क्रीनवरचे नाव वाचून आपली प्रोफाइल निवडली तर हा प्रसंग येतच नाही.

दोघे एकत्र निघाले आणि दोन्ही चाव्या गाडीत असल्या, तर काही गाड्या दार जिने उघडले ती चावी धरतात. त्यामुळे दार बायकोने उघडून चाक नवऱ्याच्या हाती दिले, तर प्रोफाइल तिचीच लागते. ती स्क्रीनवरून बदलावी लागते. फोनलाच चावी केलेल्या गाड्यांतही हीच अडचण राहते. गाडी धुणाऱ्याला किंवा मेकॅनिकला देताना पाहुण्यांसाठीची प्रोफाइल निवडावी, म्हणजे घरच्यांच्या नोंदींना धक्का लागत नाही.

बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांत सीट चुकीच्या जागी थांबते, कारण मोटरीची मोजणी हरवलेली असते. तेव्हा सीट एकदा पार पुढे आणि पार मागे नेऊन मोजणी नव्याने करून घ्यावी लागते. मगच प्रोफाइल पुन्हा साठवावी.