कुंडलीतला ‘व’

ऑगस्ट २००३ मध्ये जन्मलेल्या कुणाचीही पत्रिका काढून पाहा. कुंभ राशीत मंगळ असेल आणि त्याच्या शेजारी बारीक ‘व’ लिहिलेला असेल. व म्हणजे वक्री, उलट चालणारा. त्या वर्षी जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मंगळ तारकांच्या पार्श्वभूमीवर रोज थोडा थोडा मागे, म्हणजे पश्चिमेकडे सरकत होता. दोन महिन्यांत तो सुमारे दहा अंश मागे आला आणि मग पुन्हा मार्गी झाला.

खरं तर मंगळ एक क्षणही मागे गेला नव्हता. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, मंगळ २४ किलोमीटरने. त्यामुळे साधारण दर २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला आतल्या बाजूने गाठते आणि मागे टाकते. एसटीच्या खिडकीतून बैलगाडी पाहिली असेल तर हे लगेच कळतं. बस मागून येऊन गाडीला ओलांडू लागते तेव्हा दूरच्या डोंगराच्या रेषेवर ती बैलगाडी मागे सरकताना दिसते. बैल मात्र पुढेच चालत असतात.

ओलांडण्याच्या या क्षणी सूर्य, पृथ्वी आणि मंगळ जवळपास एका रेषेत असतात, पृथ्वी मधोमध. म्हणजे आपल्याला सूर्य एका बाजूला आणि मंगळ बरोबर विरुद्ध बाजूला दिसतो. २८ ऑगस्ट २००३ ला रवी सिंहेत होता आणि मंगळ समोर कुंभेत, रवीपासून सातव्या घरात. गुरू आणि शनीचंही असंच आहे. पत्रिका तपासायची ही साधी खूण मला फार आवडते: मंगळ, गुरू किंवा शनी रवीबरोबर एकाच राशीत असून त्याला ‘व’ लावला असेल, तर ती पत्रिका चुकलेली आहे, बाकी काही पाहायची गरज नाही. रवी आणि चंद्र तर कधीच वक्री होत नाहीत.

आता फलिताकडे. पारंपरिक ज्योतिषात वक्री ग्रह दुबळा मानत नाहीत, उलट त्याला चेष्टाबल, म्हणजे गतीमुळे मिळणारं बळ, भरपूर मिळतं. मंत्रेश्वराच्या ‘फलदीपिके’त म्हटलं आहे की वक्री ग्रह नीच राशीत, म्हणजे जिथे तो सर्वांत दुबळा मानतात तिथे, किंवा शत्रूच्या राशीत असला तरी तेजस्वी किरणांनी भरलेला, बलवान असतो. मला यात आकाश पाहणाऱ्या माणसाचा डोळा दिसतो. कारण वक्री मंगळ खरोखरच सर्वांत जवळ आणि सर्वांत तेजस्वी असतो. २००३ च्या ऑगस्टअखेर तो पृथ्वीपासून सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर होता. सूर्यापलीकडे गेला की हेच अंतर चाळीस कोटींच्या आसपास जाऊ शकतं. त्या महिन्यात रात्रभर आकाशात राहणारा तो लालसर निखारा पाहून ‘हा ग्रह बळावला आहे’ असं कुणाला वाटलं, तर नवल नाही.

पण हाच नियम बुध-शुक्रांना लावला की अडचण येते. ते आपल्या आणि सूर्याच्या मधून जाताना वक्री होतात. वक्री काळाच्या मध्यावर त्यांची अंधारी बाजू आपल्याकडे असते आणि ते सूर्याच्या झगमगाटात हरवतात. ग्रह सर्वांत जवळ असतो, पण डोळ्यांना दिसतच नाही. किरणांनी भरलेला म्हणावं असं तिथे काही उरत नाही.

शिवाय परंपरेतही एकमत नाही. ‘उत्तरकालामृत’ या ज्योतिषग्रंथाप्रमाणे उच्चीचा, म्हणजे आपल्या सर्वांत बलवान राशीतला, ग्रह वक्री झाला तर नीचीसारखा वागतो आणि नीचीचा उच्चीसारखा. पापग्रह वक्री झाला की त्याचा त्रास वाढतो, असंही मानलं जातं. आधुनिक पाश्चात्त्य ज्योतिषी म्हणतात की जन्मस्थ वक्री ग्रहाची ऊर्जा आत वळते. मग त्या ऑगस्टमधल्या मुलाचा मंगळ धाडस देईल, संकट आणेल की राग मनात दाबून ठेवायला लावेल? कोणतं पुस्तक हाती घ्याल त्यावर उत्तर ठरतं. माझं मत स्पष्ट आहे: ‘व’ हे अक्षर जन्माच्या वेळी पृथ्वी कुठे होती ते अचूक सांगतं, स्वभाव सांगतं याला मला पुरावा दिसत नाही.

हा ‘व’ दुर्मीळही नाही. शनी दरवर्षी साडेचार महिने वक्री असतो, म्हणजे तीनातल्या एकाहून अधिक पत्रिकांत तो वक्रीच सापडेल. मंगळाचा ‘व’ त्या मानाने विरळा. तरी २००३ च्या त्या दोन महिन्यांत एकट्या भारतात जन्मलेली बाळं चाळीस लाखांच्या आसपास असतील, आणि त्या सगळ्यांच्या पत्रिकेत कुंभेतला तोच वक्री मंगळ आहे.